तेराव्यानंतर येणारी केसरकाकी

ओतुरात कुणाकडे मयत झालं की सगळी गल्ली तिकडे लोटायची. केसरकाकी तेवढी आपल्या दुकानामागच्या ओसरीवर सूप घेऊन गहू निवडत बसलेली असायची. आम्ही नव्यानं ओतुरात आलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात हे माझ्या डोळ्यांत खुपलं. समोरच्या आळीत म्हातारे सुतार गेले होते. रडण्याचा आवाज अगदी आमच्या स्वयंपाकघरात येत होता. मी पदर सावरून निघाले आणि जाता जाता काकींना म्हटलं, "येताय ना?"

"तू जा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आज तिथं माणसांची उणीव नाही."

मला राग आला. ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, जैनांचे रीतिरिवाज वेगळे असतील. पण रिवाजाचा प्रश्नच नव्हता. ते मला कळायला पुढचे सात-आठ महिने जावे लागले.

माझे यजमान लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते. प्लेगची एक लाट ओसरली होती, लोक शेतातल्या झोपड्यांतून पुन्हा गावात राहायला आले होते, आणि आम्हांला केसरकाकींच्या किराणा दुकानामागच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. त्यांच्या घराण्याचं मूळ मारवाडात. पण काकींचा जन्मही इकडचा, बेल्ह्याचा. घरात कधीमधी मारवाडी, बाहेर चोख मराठी. ठेंगणा, भरलेला देह, डोक्यावरून ओढणी, पायांत चांदीचे जाड वाळे. नवऱ्याला ऐकू कमी यायचं, म्हणून सगळ्या जगाशीच मोठ्यानं बोलायची सवय लागलेली. "मास्तरीणबाई, भाजी काय केली?" हा त्यांचा प्रश्न वेशीपर्यंत ऐकू जायचा, आणि मग आमची भाजी गावाला ठाऊक व्हायची.

दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा नेम. नेम म्हणजे असा की समोर कुणी कितीही रंगात येऊन बोलत असो, उन्हं भिंतीवर चढू लागली की काकी गुडघ्यावर हात टेकून उठायच्या. "राहिलेलं उद्या," म्हणायच्या आणि चालू लागायच्या. एकदा पाटलीणबाई त्यांच्याजवळ सुनेची गाऱ्हाणी सांगत होत्या. सून नेमकी काय बोलली ते सांगायला तोंड उघडलं, तोच काकी उठल्या. पाटलीणबाई तशाच तोंड उघडं ठेवून बसल्या. दुसऱ्या दिवशी काकी बरोबर तिथूनच सुरू झाल्या, "हं, मग सून काय बोलली?" पण तोवर पाटलीणबाईंचा राग निवला होता.

तर सुतारांचं तेरावं झालं. पाहुणे गेले, मागून आणलेली मोठी पातेली ज्याची त्याला परत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी काकींनी एका सुपात तूर घेतली, दुसरं रिकामं सूप बगलेत मारलं आणि त्या सुतारांकडे निघाल्या. म्हाताऱ्यांची सगळी शुश्रूषा थोरल्या मुलानं, नामदेवानं केली होती. बाप्याच्या जातीला असं घरी बसून कुणी बोलतं करत नाही. काकी जाऊन त्याच्यासमोर बसल्या. आजाराचा शब्द नाही, वडलांचं नाव नाही. "नामदेवा, जात्याचा खुंटा हलतोय, कधी बसवून देशील?" एवढं विचारलं. तो खुंट्याचं बोलता बोलता वडलांनी त्याला खुंटा ठोकायला कसा शिकवला त्यावर आला आणि मग बराच वेळ बोलत राहिला. हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं. "बोलत व्हते अन् तूर निवडत व्हते, बाई. आमच्या ह्यांनी कधी जल्मात तूर निवडली न्हाई."

मी काकींना विचारलं तेव्हा त्यांनी फारसं काही सांगितलं नाही. "तेरा दिवस घरात माणूस मावत नाही," म्हणाल्या. "चौदाव्या दिवशी सकाळी उठून बघतं, तर चूल आणि आपण. मी तेव्हा जाते. आणि हातात काहीतरी निवडायला असावं. डोळ्याला डोळा भिडला की माणूस खोटं बोलतं."

त्यांना सगळं जमायचं असं मात्र नाही. ठकूबाई म्हणून एक होती, तिच्या सासूला क्षय होता. दोन वर्षं तिनं सासूचं थुंकीचं भांडं उपसलं. सासू गेल्यावर काकी गेल्या आणि पहिल्याच दिवशी विचारून बसल्या, "थोडं सुटल्यासारखं वाटतंय का गं?" ठकूबाई धुणं पिळत होती. तिनं ते पिळलेलं लुगडं तसंच काकींच्या अंगावर फेकलं. "माझी आईच व्हती ती! मला न्हाई सुटायचं व्हतं!" काकी भिजून घरी आल्या. फुलचंद, त्यांचा मुलगा, चिडला. काकी म्हणाल्या, "चूक माझीच. तिच्या तोंडात मी माझा घास घातला." दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या, आणि नुसत्या धुणं वाळत घालून आल्या. त्यानंतर त्यांनी हा प्रश्न कुणाला कधी विचारल्याचं मला आठवत नाही. वाट बघायच्या.

आता भागाची गोष्ट सांगते. भागा पुढे ही हकीकत स्वतःच चारचौघींत सांगे, म्हणूनच लिहायला हरकत वाटत नाही.

भागीरथी डोंगराकडची, माळशेजच्या अंगाच्या एका वाडीतली. कळंबला दिली होती; नवरा लवकर गेला आणि ती परत आली. तोवर वडीलही वारले होते. आई राहीबाई आणि ती अशा दोघी ओतुरात उतरून व्यापाऱ्यांकडे धान्य निवडायचं काम करत. भाऊ धोंडू वर वाडीतच राहिला; त्याची भाताची चार खाचरं आणि उतारावरची नाचणी. मी आले तेव्हा राहीबाईला अर्धांगवायू होऊन बरीच वर्षं झाली होती. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. तोंडातून एकच शब्द निघायचा, "ये." पाणी हवं तरी "ये", कूस वळवायची तरी "ये", आणि काही नको असलं तरी "ये".

भागाचं घर आमच्या परसापलीकडे. तिचा दिवस मी येता-जाता बघत असे. सकाळी आईला पाठीशी बांधून उन्हात आणायची. निंबाच्या पाण्यानं पाठ धुवायची, जिथं कातडी लाल झाली असेल तिथं मऊ फडक्याची चुंबळ ठेवायची. पेज पातळ करून बोटानं गालात सोडायची, आणि गिळली की नाही ते बघायला गळ्यावर हात ठेवायची. दर थोड्या वेळानं कूस बदलायची. ओढ्यावर लुगडी धुऊन यायची आणि परत येईतो पुन्हा धुवायची झालेली असायची. मधल्या वेळात काकींच्याच दुकानातलं धान्य घरी आणून निवडायची. झोपताना आईच्या चांगल्या हाताला एक सुताची दोरी बांधायची आणि तिचं दुसरं टोक आपल्या मनगटाला. आईनं ओढली की हिनं उठायचं. त्या मनगटावर वळ पडला होता, बांगडीसारखा.

गाव तिला नावाजत असे. "लेक असावी तर अशी." कुणी म्हणे, "पुण्याचा डोंगर उभा केला पोरीनं." भागा ऐकून घेई आणि निघून जाई.

आषाढात राहीबाई गेली. संध्याकाळी भागानं हाक मारली, आम्ही धावलो. भागा दाराशी उभी होती. डोळे कोरडे, चेहरा झोपेतून उठल्यासारखा. बायका गळ्यात पडून रडल्या; एकीनं म्हटलं, "सुटली गं बाई म्हातारी. अन् तूबी सुटलीस." भागानं अशा नजरेनं तिच्याकडे पाहिलं की बाई हात काढून मागे सरली.

दहाव्याला मांडवी नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळा येईना. धोंडू हात जोडून काही काही बोलला, बामणानं सांगितलं तसं बोलला, ऊन चढलं, तरी येईना. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी परतली. गावात कुजबूज झाली, म्हातारीचं काहीतरी अडलंय. भागा त्या दिवशीपासून जेवेनाशी झाली.

तेरावं झालं. धोंडू वर निघून गेला, लावणी खोळंबली होती. मी रोज भाकरी नेऊन देत असे. दुसऱ्या दिवशी ती तशीच सुकलेली दिसे. तिनं आईचं अंथरूण उचललेलं नव्हतं. शेजारणी म्हणाल्या, जाळून टाक, घर मोकळं होईल. ती हात लावू देईना. दुपारी मी परसात असले की दिसे: ती एकदम उठते, अंथरुणापाशी जाते, वाकते, आणि मग हात तसेच लोंबत ठेवून उभी राहते. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "हात वडला जातुया वैनी. दोरी न्हाई, तरी वडला जातुया." मला भीती वाटली. आमच्या परसात कठडा नसलेली विहीर होती, आणि ती मला दोनदा तिच्या काठाशी बसलेली दिसली होती.

काकींना मी ते सांगितलं. त्या लगेच उठल्या. "मास्तरीणबाई, तुझं सूप घे. तू बसायचं आणि निवडायचं. तोंड उघडायचं नाही."

आम्ही गेलो. काकींनी भागाला "कशी आहेस" सुद्धा विचारलं नाही. "वाल आलेत, किडके फार आहेत, मला डोळ्यांना दिसत नाही," म्हणाल्या आणि तिच्या मांडीवर सूप ठेवलं. हाताला सवय होती. हात चालू लागले. आम्ही तिघी निवडत बसलो. उन्हं भिंतीवर चढली, काकी उठल्या. "राहिलेलं उद्या."

असे पाच-सहा दिवस गेले. ह्या काळात काकींनी एकच मोठी गोष्ट केली: तिला झोपवली. दुपारी माझ्या घरी आणायच्या, माझ्या खोलीत चटई टाकायच्या आणि स्वतः दाराशी बसायच्या. "इथं कुणी हाक मारणार नाही. मारली तर मी ओ देईन." पहिल्या दिवशी भागा पडल्या पडल्या तीनदा दचकून उठली. तिन्ही वेळा काकींनी दारातून सांगितलं, "मी आहे. बघते. झोप." तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती तासभर झोपली आणि उठून रडू लागली. काकी जवळ गेल्या नाहीत. मला खूण केली, पाणी दे. मग सूप पुढे सरकवलं.

त्या दिवशी भागा बोलली. मान खाली, बोटं वालात.

"काकी, आय सांजच्याला न्हाई गेली."

काकींनी एक किडका वाल काढून बाजूला टाकला.

"दुपारी गेली. मी तिच्या शेजारी कलंडले व्हते. जाग आली अन् बगितलं तर गेली व्हती. हात गार. मला कळलं. तवा मी…" ती थांबली. "मी मनगटाची दोरी सोडली. अन् पुन्ना झोपले. तिच्याच कुशीला. गुरं परत आली तवा उठले अन् मग तुमास्नी हाक मारली. आय मेल्याली अन् मी झोपले, काकी."

ती पुन्हा म्हणाली, "अन् चार दिस आदी मी तिला म्हणले व्हते. लई दमले व्हते, तिनं तिसऱ्यांदा वडलं. मी म्हणले, मर की एकदाची, मला झोपू दे. तिला ऐकू यायाचं. वाचा गेली व्हती, कान नव्हते गेले. कावळा कसा शिवंल?"

मला वाटलं, आता काकी म्हणतील, नाही गं, तुझा काय दोष. माझ्या ओठावर तेच आलं होतं. काकी म्हणाल्या, "झोप लागली का?"

भागानं मान वर केली.

"आई गेल्यावर झोपलीस ना. लागली?"

"लागली."

"गाढ?"

"लई गाढ. कंदी लागली न्हवती अशी. त्येच तर…" तिला पुढे बोलवेना. "बरं वाटलं, काकी. उठले तवा अंग हलकं झालं व्हतं. मंग ध्यानात आलं, कशानं हलकं झालंय."

"हं," काकी म्हणाल्या आणि निवडत राहिल्या. मग थोड्या वेळानं, एरवी कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "भागा, राहीबाई धडधाकट होती तेव्हाची आठव. ती कामावरून घरी आली असती आणि तू अशी दमून, मेल्यासारखी झोपलेली दिसली असतीस, तर तिनं काय केलं असतं?"

भागाची बोटं वालात थांबली.

"पांघरूण घातलं असतं," ती म्हणाली, आणि सूप मांडीवरून कलंडून सगळे वाल जमिनीवर गेले. आई गेल्यापासून ती पहिल्यांदा मोकळी रडली.

काकींनी वाल गोळा केले. मग स्वतःचं सांगितलं. काकींची आई विधवा झाल्यावर त्यांच्याकडेच ओतुरात येऊन राहिली होती. तिला जलोदर झाला. पोटात पाणी भरायचं, वैद्यानं कितीही मात्रा दिल्या तरी उतरायचं नाही. लेक एकुलती एक. सासर सांभाळून काकींनी वर्षानुवर्षं ते केलं. "आई गेली, तिला नेली. घरात मी एकटी होते. फडताळात कुणीतरी आणलेला पेढा होता. मी दारामागं उभी राहिले आणि खाल्ला. भूक लागली होती म्हणून नाही. आता संपलं, म्हणून खाल्ला. गोड लागला गं. त्यानंतर किती तरी वर्षं मी गोडाला शिवले नाही. सासू म्हणायची, बघा, आईसाठी नेम धरलाय. नेम कुठला? शिक्षा होती. आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

"मंग सुटली कशी?"

"एकदम नाही सुटली. थोडी थोडी. एक दिवस माझ्या ध्यानात आलं की मला आईचं दुखणं जायला हवं होतं. पण दुखणं आणि आई एकाच कातडीत होती. एकाला जा म्हटलं तर दुसरं थांबणार कसं? ती गेली ते माझ्या म्हणण्यानं नाही गेली, आणि राहिली असती तर माझ्या म्हणण्यानं राहिली नसती."

"अन् कावळा?"

"आमच्यात पिंड नसतो बाई. कावळ्याचं मला कळत नाही, कळतं असं खोटं कशाला सांगू? मला आईचं कळतं." भिंतीवर ऊन चढलं होतं. काकी उठल्या. "राहिलेलं उद्या. आज भाकरी पूर्ण खा."

भागानं त्या दिवशी अर्धीच खाल्ली. पण खाल्ली.

मला वाटलं होतं, झालं, आता ती बरी होईल. तसं झालं नाही. दोन दिवस नीट असायची, मग तिसऱ्या दिवशी पुन्हा दार लावून बसायची. कधी माझ्यावरच खेकसायची. पाठ धरायची, वर्षानुवर्षं उचल-ठेव करून कंबर गेली होती आणि त्याची जाणीव तिला आता होऊ लागली होती. काकी तेल गरम करून चोळून द्यायच्या. "शरीर थांबलं होतं," म्हणायच्या. "आता रांगेनं सगळी दुखणी येतील. येऊ दे, एकेकाला पाट मांडू." रोजच तेच तेच भागा पुन्हा सांगे: दोरी, झोप, तो शब्द. मला कंटाळा यायचा. काकी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायच्या. मी एकदा म्हटलं, "किती वेळा तेच!" तर म्हणाल्या, "गाठ एका ओढीनं सुटते का? उलट घट्ट बसते."

एका दुपारी काकींनी सहज विचारलं, "राहीबाई वाडीत असताना काय करायची?" भागा म्हणाली, हिरडा गोळा करायची. झाडावर चढायची, आणि वानरं आली की फांदीवर बसून त्यांना शिव्या द्यायची. "कसल्या शिव्या?" भागानं एक सांगितली. मग दुसरी. तिसरी सांगताना तिला हसू फुटलं. वानरानंही उलट दात विचकले तेव्हा राहीबाईनं त्याला आपल्या दिराचं नाव ठेवलं होतं म्हणे! काकी पोट धरून हसल्या, मीही हसले. आणि भागा हसता हसता एकदम म्हणाली, "अगं बाई, आयचा आवाज असा व्हता. मी इसरलेच व्हते. मला नुस्तं 'ये' ऐकू यायाचं."

त्यानंतर चार दिवसांनी तिनं आपणहून आईचं अंथरूण उचललं. गोधडी मांडवीत धुतली आणि खडकावर वाळत घातली. टाकली नाही, हिवाळ्यात तीच पांघरायची.

मग धोंडू आला. महिन्याचा घास ठेवायचा होता. जेवायला भावकीची माणसं होती. धोंडू आधी रडला, मग मोठ्यानं बोलू लागला. "आयेला बरं वाटलं असतं. वैदाला जुन्नरास्न आणायला हवा व्हता. येवड्यात जायाची न्हवती ती. नीट बगायला हवं व्हतं." भागा वाढत होती. तिच्या हातातली पळी थांबली, चेहरा पुन्हा त्या पहिल्या दिवसांसारखा झाला. मी घाबरून परसातून काकींना हाक मारली.

काकी आल्या. मला वाटलं, त्याला चांगलंच फैलावर घेतील. आवाज तर होताच. त्या त्याच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "धोंडू, तू आईला शेवटचं कधी बघितलंस रे?"

तो म्हणाला, "होळीला." मग म्हणाला, "होळीला न्हाई. त्या आदीच्या दिवाळीला." आणि पत्रावळीवरचा भात चिवडत राहिला.

"वाट लांब आहे. घाटाची आहे," काकी म्हणाल्या.

"वाट न्हाई काकी लांब," तो म्हणाला. "मला बगवत न्हवतं. 'ये' म्हनायची अन् मला कळायचं न्हाई काय पायजे. मी पळायचो." त्यानं पत्रावळ दूर सारली. "भागीला कळायचं."

काकींनी भागाला खूण केली, बस. "याला सांग," म्हणाल्या. "आई कशी होती ते याला ठाऊकच नाही. म्हणून ओरडतोय. पहिल्यापासून सांग."

आणि भागानं सांगितलं. पेज गालात कशी सोडायची, कोणत्या कुशीला आई स्वस्थ पडायची, पाऊस आला की दाराकडे तोंड करायला सांगायची आणि ते "ये" कसं वेगळं असायचं. दोरीचं सांगितलं. आपण बोललो तो शब्दही सांगितला, सगळ्यांसमोर. भावकीतली एक म्हातारी काही बोलायला गेली; धोंडूनं हात करून तिला थांबवलं. झोपेचं ऐकल्यावर त्यानं बहिणीचं मनगट हातात घेतलं, तो वळ बोटानं चाचपला आणि म्हणाला, "मी जे करायचं व्हतं ते तू केलंस. मला बोलायला तोंड न्हाई, भागे."

काकी तोवर उठून गेल्या होत्या. भिंतीवर ऊन चढलं होतं.

दसऱ्यानंतर धोंडू बैलगाडी घेऊन आला आणि बहिणीला वर घेऊन गेला. हिरड्याचा हंगाम सुरू व्हायचा होता. जाताना भागा काकींच्या पाया पडायला आली. घाबरलेली होती. "काकी, वर गेल्यावर मला लई बरं वाटलं तर?"

"तर वाटू दे."

"अन् मधीच आठवून रडू आलं तर?"

"ते पण येऊ दे. दोन्ही एका दिवशी आली तरी घाबरू नकोस. येतात."

ती फाल्गुनात परतली, काळीभोर होऊन, अंगानं भरून. सोबत एक शेळी होती. वर वानरांना शिव्या देते का, असं मी विचारलं. म्हणाली, "आयच्याच देते. नव्या कशाला शोधू?" पुढे तिनं बेल्ह्याच्या बाजारातून आणखी शेळ्या आणल्या, स्वतः पारखून. आईच्या आजारपणात ती कधी वेशीबाहेर गेली नव्हती; आता दर बाजाराला जाई आणि आठवडाभर पुरतील एवढ्या गोष्टी घेऊन येई.

आमची बदली घोडेगावला झाली आणि ओतूर सुटलं. मध्ये पुष्कळ वर्षं गेली. काकींच्या नवऱ्याला जाऊन बराच काळ लोटला होता. मग कळलं, काकी अंथरुणाला खिळल्यात, पाय गेले, दम लागतो. मी भेटायला गेले.

त्या अंगणात खाटेवर होत्या. देह वाळून चिमूटभर झालेला, आवाज मात्र तोच. "मास्तरीणबाई! भाजी काय केलीस?" त्यांची सून हिरा शेजारी होती, पेला हातात. हिराच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी लगेच ओळखली. फुलचंद दुकानातून आत-बाहेर करत होता. दारात बैलगाडी जुंपून उभी होती, आणि घरात वाद चालला होता.

हिराचं माहेर कळंबला. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. हिरानं जायचं नाही असं ठरवलं होतं; काकींनी तिला न विचारताच गाडी सांगितली होती.

"बाई, तुम्हांला असं टाकून मी लग्नात मिरवू?" हिरा म्हणाली.

"मिरव. हळद खेळ. गाणी म्हण."

फुलचंद म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील? आणि तुला काही झालं तर? हिच्या जिवाला कायमचं लागून राहील."

"म्हणूनच आत्ता सांगते, मास्तरीणबाईंच्या समोर सांगते," काकी म्हणाल्या. दम लागला, थांबल्या, हिरानं पाठीवर हात ठेवला. "हिरा, तू कळंबला असताना मी गेले, तर तू सोडून गेलीस म्हणून गेले नाही. माझी वेळ झाली म्हणून गेले. आणि तू इथं असताना गेले, आणि तुला हायसं वाटलं, तर ते मला आत्ताच ठाऊक आहे. मी त्याच्यावर रुसणार नाही. कळलं? फुलचंदाला पेज येते करायला. नसेल येत तर शिकेल. माझ्या तोंडात ओतून ओतून शिकेल."

फुलचंद हसावं की रागवावं न कळून उभा राहिला. हिरा पदरानं डोळे पुसत आत गेली आणि बाहेर आली ती हिरवं लुगडं नेसून. गाडीत बसेपर्यंत तिच्या सूचना चालू होत्या: काढा कधी, कूस कधी, उशी किती उंच. गाडी हलली तरी मागे वळून सांगतच होती.

"हाक रे गाडी!" काकी गाडीवाल्यावर ओरडल्या. गल्लीतली कुत्री दचकून उठली.

गाडी वळणावर पोचली. तिथं हिराला शेजारची कुणी भेटली असावी. ती वाकून काहीतरी बोलली. काकींना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं. त्यांनी माझा हात धरला.

"काय करतेय गं?"

"हसतेय," मी म्हटलं.

"खरंच?"

"खरंच. दात दिसताहेत."

"मग बरं," काकी म्हणाल्या, आणि उन्हाकडे तोंड करून पडून राहिल्या. आत फुलचंद पेजेचं पातेलं शोधताना सगळी भांडी खाली पाडत होता.